पेन्सिलचं स्केच फोटोसारखं करायचंय, पण नसलेलं काही त्यात घुसू द्यायचं नाहीये

काकांनी एका दोनमजली घराचं पेन्सिलने स्केच काढलं होतं, साध्या ए-फोर कागदावर, आणि मला म्हणाले हे बांधून झाल्यावर कसं दिसेल ते जरा फोटोसारखं करून दाखव. मी ते स्कॅन केलं, इमेज बनवणाऱ्या एआय टूलमध्ये टाकलं, खाली दोन ओळी लिहिल्या आणि मिनिटभरात झकास फोटो तयार. काकांनी तो बघितला, चष्मा कपाळावर सरकवला आणि पहिलाच प्रश्न, "ही उजव्या भिंतीतली खिडकी कुठून आली रे?"

मग मी स्केच शेजारी ठेवून नीट बघायला लागलो तर एक एक निघत गेलं. उजवी भिंत स्केचमध्ये कोरी होती, वर फक्त एक छोटा झरोका, आणि फोटोत तिथे चांगली मोठी खिडकी. वरच्या मजल्यावर तीन खिडक्या होत्या त्या तीनच राहिल्या पण प्रत्येकीत उभी-आडवी एकेक पट्टी होती म्हणजे चार काचा, तिथे सहा झाल्या. बाल्कनीच्या कठड्याला काकांनी मोजून नऊ सळ्या काढलेल्या, फोटोत अकरा. अंगणात झाड, दाराशी कुंडी, दाराच्या वर दिवा, हे सगळं फुकटात. आणि सगळ्यात मजेशीर, काकांनी सावली दाखवायला उजव्या भिंतीवर तिरक्या रेघा मारल्या होत्या, त्याच्या टूलने लाकडी फळ्या करून टाकल्या.

फोटो म्हणून वाईट नव्हता, पण ते काकांचं घर नव्हतं. तेव्हापासून मी ह्या एकाच गोष्टीच्या मागे लागलोय की स्केचमध्ये जे आहे तेवढंच यावं, आणि त्यात जे कळलं ते इथे सांगतो. मी स्टेबल डिफ्यूजन हे चित्र बनवणारं मॉडेल आणि त्याच्याबरोबर त्याला रेघा पाळायला लावणारं कंट्रोलनेट वापरतो, दोन्ही स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालतात आणि प्रत्येक सेटिंग हातात असतं, म्हणून उदाहरणं तिथली देतोय. तुमचं टूल वेगळं असलं तरी गडबड ह्याच जागी होते.

आधी हे बघू की टूल नवीन गोष्टी घालतंच का. डिफ्यूजन मॉडेल चित्र काढायला सुरुवात करतं ती नुसत्या मुंग्या-मुंग्या दिसणाऱ्या पडद्यापासून, आणि एकेका पायरीला त्यातला थोडा थोडा गोंधळ काढून टाकत जातं. काय काढायचं आणि काय ठेवायचं हे ते शिकतं भरपूर फोटोंवरून. आता घरांच्या फोटोत काय असतं, घराशेजारी झाड असतं, दारावर दिवा असतो, मोठ्या भिंतीत खिडकी असते. म्हणजे मॉडेलच्या लेखी 'घर' ह्या शब्दाबरोबर ही सगळी वरात येतेच. स्केच त्याला अडवायला पाहिजे, पण नुसतं स्केच मुळात फार कमी बोलतं, आणि ते जिथे गप्प बसतं तिथे मॉडेल स्वतःचं बोलून घेतं.

कंट्रोलनेट २०२३ च्या फेब्रुवारीत आलं, स्टॅनफर्डच्या ल्विमिन झँग, आन्यी राव आणि मनीष अग्रवाला ह्यांचं काम, आणि त्याने मोठी सोय केली ती अशी की शब्दांबरोबर रेघांचं एक चित्रही मॉडेलला देता येतं आणि मॉडेल त्या रेघा पाळतं. त्याला शिकवताना जोड्या दिलेल्या असतात, एका बाजूला फोटो आणि दुसऱ्या बाजूला त्याच फोटोतून काढलेल्या रेघा. पण फोटोतून रेघा काढताना सगळं काही रेघेत उतरत नाही. अंधुक पानं, लांबचं झुडूप, भिंतीवरचा डाग, हे सुटून जातं आणि रेघांच्या चित्रात तिथे मोकळी जागा दिसते. म्हणजे मॉडेल शिकताना हेच शिकलंय की रेघांमध्ये मोकळी जागा असली तरी खऱ्या फोटोत तिथे काहीतरी असू शकतं. आपल्याला कोरी भिंत म्हणजे कोरी भिंत वाटते, त्याला ती 'इथलं मला सांगितलेलं नाही' अशी वाटते. हे एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं सोपं होतं, कारण काम एवढंच उरतं की स्केच जिथे जिथे गप्प आहे तिथे मॉडेलच्या आधी आपण उत्तर द्यायचं.

म्हणून मी टूल उघडायच्या आधी एक कागद घेऊन बसतो. स्केचमध्ये प्रत्यक्ष काढलेलं सगळं मोजून लिहितो. काकांच्या घराचं असं होतं: खाली मधोमध एक दार, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक खिडकी, वर तीन खिडक्या, प्रत्येकीत चार काचा, वर डावीकडे बाल्कनी, कठड्याला नऊ सळ्या, दारासमोर तीन पायऱ्या, सपाट गच्ची आणि तिला साधा कठडा, उजव्या भिंतीत एक झरोका आणि बाकी काही नाही. हे शेवटचं 'बाकी काही नाही' पण लिहायचं, तेच सगळ्यात जास्त मोडलं जातं. मग दुसरं लिहायचं ते म्हणजे स्केचमध्ये नाही पण फोटोत असावंच लागेल असं, कारण फोटोत भिंतीला काहीतरी रंग असणारच, वर आकाश असणारच, उजेड कुठूनतरी येणारच. हे शोध लावणं नाही, हे ठरवणं आहे, आणि ते ज्याचं स्केच त्याला विचारून ठरवायचं. काकांना विचारलं तर पांढरा गिलावा, काळी रंगवलेली लोखंडी सळई, खाली साधी फरशीबिरशी नको नुसतं काँक्रीट, सकाळचं ऊन डावीकडून. दोन मिनिटांचं काम. ह्या दोन्हीत जे बसत नाही ते सगळं घुसखोर.

आता स्केच साफ करायचं, आणि इथे बरेच लोक घाई करतात. शक्य असेल तर स्कॅनरवर ३०० डीपीआयला स्कॅन करा. मोबाइलने फोटो काढलात तर कागद जरा तिरका येतो आणि उभ्या भिंती वरच्या बाजूला जवळ येतात, शिवाय एका कोपऱ्यात तुमच्याच हाताची सावली पडते. स्कॅन आला की लेव्हल्स ओढून कागद पूर्ण पांढरा आणि रेघ काळी करून घ्यायची, आणि मग एकेक रेघ बघून ठरवायचं की ही रेघ वस्तूची आहे का. कारण पेन्सिलच्या स्केचमध्ये निम्म्या रेघा वस्तूच्या नसतातच. पर्स्पेक्टिव्ह जमवायला काकांनी गच्चीची कड कागदाच्या काठापर्यंत हलकी ओढून नेली होती, ती फोटोत विजेची तार झाली. एका कोपऱ्यात त्यांनी बारीक अक्षरात माप लिहिलं होतं, तिथे पाटी लागली आणि तिच्यावर कुठल्याच लिपीत नसलेली अक्षरं. आणि त्या सावलीच्या तिरक्या रेघा, त्यांचं सांगितलंच.

सावलीच्या रेघा पुसताना मात्र एक लक्षात ठेवा, त्यात माहिती आहे. उजवी भिंत रेघांनी भरलीय म्हणजे उजेड डावीकडून येतोय हे काकांनी सांगितलेलंच आहे, फक्त ते रेघांच्या भाषेत सांगितलंय आणि मॉडेल रेघ म्हणजे कड समजतं. तेव्हा रेघा पुसायच्या आणि ती माहिती दुसरीकडून द्यायची, कशी ते पुढे येतंच. मी हे सगळं क्रिटा ह्या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो, स्कॅन खाली, वर एक नवीन लेयर आणि त्यावर फक्त वस्तूच्या रेघा परत गिरवून घेतो. स्केच साधं असेल तर अर्धा तास जातो पण पुढचे दोन तास वाचतात. गिरवताना रेघ सरळ करायचा मोह होतो, तिथे माझं मत असं की भिंतीची कड, खिडकीची चौकट हे खुशाल सरळ करा, कारण पेन्सिल हलली होती, घर हललं नव्हतं. पण जागा आणि प्रमाण बदलायचं नाही. दोन खिडक्यांतलं अंतर थोडं कमी-जास्त दिसलं तर ते विचारा, स्वतः सारखं करू नका.

आकाराचंही इथेच बघून घ्यायचं. ए-फोर आडवा धरला तर त्याची लांबी-रुंदी साधारण १.४१ ला १ अशी असते, मी ७६८ बाय ५१२ वर काम करतो म्हणजे ते १.५ ला १. हा फरक तुम्ही मिटवला नाही तर टूल मिटवतं, आणि त्याच्याकडे तीन वाटा असतात, चित्र ताणायचं, कडा कापायच्या, किंवा कडेला नवीन जागा भरायची. ह्या तिसऱ्या वाटेला `Resize and Fill` असं नाव आहे, आणि त्या भरलेल्या जागेत स्केचमधलं काहीच नसल्यामुळे तिथे हमखास झाडी उगवते. म्हणून स्केच आधीच ७६८ बाय ५१२ च्या प्रमाणात कापून घ्यायचं.

आता कंट्रोलनेटमध्ये रेघा द्यायच्या. तिथे बरेच प्रकार दिसतात आणि नावावरून वाटतं की हाताने काढलंय म्हणजे `scribble` घ्यावं. घेऊ नका. तो प्रकार ओबडधोबड रेघोट्या घेऊन बाकीचं स्वतःच्या मनाने भरण्यासाठीच केलाय, म्हणजे आपल्याला नेमकं जे नकोय ते. `canny` घेतलं तर वेगळीच पंचाईत, ते कड शोधतं, आणि पेन्सिलची रेघ मोठ्या स्कॅनमध्ये चांगली चार-पाच पिक्सेल जाड असते, तिला डावी कड आणि उजवी कड अशा दोन कडा असतात. मग एका रेघेच्या दोन होतात आणि खिडकीची पट्टी म्हणजे खोबणी दिसायला लागते. `mlsd` फक्त सरळ रेघा धरतं, त्यामुळे कमानी, गोल झरोके सरळ गायब. माझ्या कामाला `lineart` चालतं, मॉडेलची फाइल `control_v11p_sd15_lineart`, आणि आपण रेघा आधीच गिरवून साफ केल्यामुळे प्रीप्रोसेसरमध्ये रेघा शोधायला लावायचंच नाही, नुसतं `invert (from white bg & black line)` निवडायचं. कंट्रोलनेटला काळ्यावर पांढरी रेघ लागते, आपली पांढऱ्यावर काळी आहे, तेवढंच उलटं करून घ्यायचं.

`Control Weight` मी १ ठेवतो. लोकांना वाटतं जास्त ठेवलं की जास्त प्रामाणिक राहील, मी १.४ करून बघितलं तर भिंतींच्या कडेला काळी पेनाने मारल्यासारखी रेघ यायला लागली आणि फोटोचं परत चित्र झालं. त्यापेक्षा महत्त्वाचं सेटिंग आहे `Ending Control Step`. म्हणजे चित्र तयार होताना किती पायऱ्यांपर्यंत रेघांची लगाम धरून ठेवायची. सुरुवातीच्या पायऱ्यांत मोठा आकार ठरतो, शेवटच्या पायऱ्यांत बारीकसारीक. हे ०.५ वर ठेवलं तर घर तेच राहतं पण शेवटी लगाम सुटल्यावर मॉडेल कठडा बदलतं, दाराला नक्षी करतं. मी ०.९ ठेवतो, शेवटच्या थोड्या पायऱ्या त्याला गिलाव्याचा खरखरीतपणा आणि काचेची चमक आणायला मोकळ्या राहतात.

इतकं करूनही उजव्या भिंतीत खिडकी परत आली. का, तर मोकळी जागा. रेघा कुठे काय आहे ते सांगतात, पण कुठे काही नाहीये हे रेघेने सांगता येत नाही.

ह्याचा उपाय मला सापडला तो सपाट रंगाचा. क्रिटामध्ये रेघांच्या खाली अजून एक लेयर घ्यायचा आणि लहान मुलं चित्र रंगवतात तसं एकेक भाग एकेका सपाट रंगाने भरायचा. समोरची भिंत उजळ पांढरी, उजवी भिंत त्याच पांढऱ्याची राखाडी झाक (सावलीची माहिती इथे गेली), काचा गडद निळसर राखाडी, कठडा काळा, खाली काँक्रीटचा राखाडी, आकाश वर थोडं निळं आणि क्षितिजाकडे फिकट. मग रेघांचा लेयर बंद करून हे रंगीत चित्र img2img ला, म्हणजे चित्रावरून चित्र बनवणाऱ्या भागाला, सुरुवातीचं चित्र म्हणून द्यायचं आणि रेघा कंट्रोलनेटला द्यायच्या. आता मॉडेल नुसत्या मुंग्यांच्या पडद्यापासून सुरू करत नाही, आपल्या रंगांवर मुंग्या टाकून तिथून सुरू करतं. ज्या जागी आकाशाचा निळा आहे तिथे हिरवं झाड उगवायला त्याला फार ओढाताण करावी लागते, आणि सपाट राखाडी भिंतीत काळी काच आणणंही तसंच अवघड.

शिवाय अजून एक कोडं सुटतं. भिंतीवरचा नुसता चौकोन म्हणजे खिडकी, की आत गेलेला कोनाडा, की बाहेर आलेली पेटी, हे रेघेवरून माणसालाही कळत नाही. काचेचा रंग भरला की ती खिडकी झाली.

किती मुंग्या टाकायच्या ते `Denoising strength` ठरवतं आणि ह्या एका आकड्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय. ०.५ ला सगळं जागेवर राहतं पण भिंत प्लॅस्टिकची वाटते, कारण सपाट रंग सपाटच राहतो. ०.९ ला गिलावा अगदी खरा दिसतो पण डाव्या कडेने झाडाची फांदी आत येते. काकांच्या घराला ०.७५ जमलं. त्यातही एक युक्ती, सपाट रंगांवर आधीच थोडी दाणेदार नॉइज टाकून घेतली तर मॉडेलला पकडायला काहीतरी मिळतं आणि ०.६५ ला सुद्धा भिंत भिंतीसारखी दिसते. हे आकडे तुमच्या मॉडेलला थोडे इकडेतिकडे होतील, तेव्हा `Seed`, म्हणजे सुरुवातीच्या मुंग्या कशा पडतील ते ठरवणारा आकडा, एकच ठेवून फक्त हा आकडा ०.०५ ने बदलत चार-पाच चित्रं काढा आणि शेजारी ठेवून बघा. सीड बदलत राहिलात तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही.

आता शब्द. प्रॉम्प्टमध्ये विशेषणं घालायची सवय असते, सुंदर, आलिशान, मॉडर्न. ही विशेषणं रिकाम्या हाताने येत नाहीत. `luxury` लिहिलं की पोहण्याचा तलाव आणि कुंड्या, `cozy` लिहिलं की धुराडं आणि पिवळे दिवे, कारण त्या शब्दाखाली मॉडेलने तसलेच फोटो पाहिलेत. म्हणून मी फक्त वस्तू कशाची आहे आणि उजेड कसा आहे एवढंच लिहितो. काकांच्या घरासाठी हे होतं:

```
photo of a two-storey house, plain white plastered walls,
clear glass windows, black painted steel railing,
flat roof, bare concrete ground, clear pale blue sky,
morning sunlight from the left
```

आणि नको असलेलं वर `no trees` असं लिहायचं नाही. शब्द समजून घेणारा भाग नकार नीट पकडत नाही, त्याला `trees` ऐकू येतं आणि झाडं येतात. नकोचा वेगळा रकाना असतो, `Negative prompt`, तिथे लिहायचं:

```
trees, plants, people, cars, lamps, wires, chimney, text
```

तिथे मी एकदा वैतागून `windows` पण लिहिलं होतं, उजव्या भिंतीतली खिडकी जावी म्हणून. झालं काय, तर समोरच्या खऱ्या खिडक्यांच्या काचा फिकट होत होत भिंतीच्या रंगाच्या झाल्या. हा रकाना संपूर्ण चित्राला लागू होतो, एका भिंतीला नाही. जे चित्रात कुठेतरी हवंय ते तिथे लिहायचं नाही.

एवढं झाल्यावर मोठी घुसखोरी थांबली, झाड गेलं, दिवा गेला, उजवी भिंत कोरी आली. राहिलं काय, तर काचा आणि सळ्या, आणि ह्याचं कारण निराळं आहे. हे मॉडेल चित्र पिक्सेलमध्ये काढतच नाही, आतल्या आत ते आठपट लहान जाळीवर काढतं आणि शेवटी मोठं करतं. ७६८ बाय ५१२ चं चित्र म्हणजे आत ९६ बाय ६४ चौकोन. काकांच्या घराची वरची खिडकी चित्रात ५६ पिक्सेल रुंद होती, म्हणजे आत सात चौकोन, आणि तिच्यातली पट्टी दोन पिक्सेलची, म्हणजे चौकोनाचा पाव हिस्सा. त्याला ती पट्टी धड दिसतच नाही, मग 'खिडकीत पट्ट्या असतात' एवढ्यावर ते अंदाजे मारतं. कठड्याचं तेच, नऊ सळ्यांना ११० पिक्सेल, दर सळईमागे दीड चौकोन, त्यात मोजदाद टिकणार कशी. इथे तुम्ही प्रॉम्प्टमध्ये `nine bars` लिहा नाहीतर काही लिहा, उपयोग नाही, जागाच नाहीये.

म्हणून जागा वाढवायची. तयार चित्रातून बाल्कनीचा तुकडा चौकोनी कापून घ्यायचा, आजूबाजूची थोडी भिंत धरून, समजा १९२ बाय १२८ चा. तो चारपट मोठा केला की परत ७६८ बाय ५१२ झाला. आता रेघांच्या लेयरमधून अगदी तेवढाच तुकडा घ्यायचा, आणि तो लहान चित्रातून नाही तर मूळ मोठ्या स्कॅनवर गिरवलेल्या रेघांमधून, म्हणजे रेघ तीक्ष्ण राहते. हे दोन्ही परत तसंच चालवायचं, प्रॉम्प्टमध्ये फक्त कठडा आणि भिंत, डीनॉइज ०.५ च्या आसपास. आता तोच कठडा ४४० पिक्सेलमध्ये आहे, दर सळईमागे सहा चौकोन, आणि नऊच्या नऊ सळ्या सरळ येतात. मग पूर्ण चित्र साध्या अपस्केलरने चारपट मोठं करून त्यात हा तुकडा परत बसवायचा आणि कडा हलक्या ब्रशने मिटवायच्या. तिन्ही खिडक्यांचं असंच एकेक. टूलमध्ये चित्राचा निवडलेला भागच परत काढायची सोय असते, इनपेंटिंग, तिच्या `Only masked` ने पण हे होतं, पण मी हाताने कापतो, कारण मग रेघांचा तुकडा आणि चित्राचा तुकडा तंतोतंत जुळलाय का हे डोळ्याला दिसतं. मोठं करताना सुद्धा साधा अपस्केलरच वापरा. तिथे परत डिफ्यूजनने मोठं करणारा पर्याय असतो आणि त्याचा डीनॉइज जास्त राहिला तर आत्ता निस्तरलेल्या सळ्यांवर तो परत स्वतःचं डोकं चालवतो.

शेवटी तपासणी. नुसतं बघून समाधान मानू नका कारण फोटो खरा दिसायला लागला की डोळा विश्वास ठेवतो, मी स्वतः त्या पहिल्या फोटोतली खिडकी पाच मिनिटं बघत होतो आणि मला ती दिसलीच नव्हती. आता मी उलटी फेरी मारतो. तयार फोटो परत `lineart_realistic` मधून काढतो म्हणजे त्या फोटोच्या रेघा मिळतात, त्यांना लाल रंग देतो, काकांच्या गिरवलेल्या रेघांना निळा, आणि एकावर एक ठेवतो. जिथे निळ्याखाली लाल नाही तिथे मॉडेलने काहीतरी गिळलंय. जिथे नुसती लाल आहे तिथे काहीतरी घातलंय. नुसत्या लालमध्ये गिलाव्याचे बारीक ओरखडे, सावलीच्या कडा पण येतात, ते सोडून द्यायचे, पण लाल रेघ बंद आकार करत असेल, चौकोन, गोल, लांब पट्टी, तर तिथे फोटोत जाऊन बघायचंच. काकांच्या घरात असं दाराच्या शेजारी एक बोटाएवढं चौकोनी लाल सापडलं, बघतो तर बेलचं बटण. मग कागदावरची यादी घेऊन एकेक मोजायचं, बोट ठेवून.

काही गोष्टींना मात्र मी घुसखोरी म्हणत नाही. खिडकीच्या खालच्या कडेने भिंतीवर पडलेली बारीक सावली स्केचमध्ये नव्हती, पण चौकट बाहेर आली आणि ऊन डावीकडून आलं की ती पडणारच, काढली तर खिडकी चिकटवल्यासारखी दिसेल. काचेत आकाशाचं प्रतिबिंब आलं तेही चालेल. पण काचेत झाडाचं प्रतिबिंब आलं किंवा भिंतीवर पानांची सावली पडली तर ते चालणार नाही, कारण मग चित्राच्या बाहेर झाड उभं आहे असं सांगितल्यासारखं होतं. हे प्रकार फार येतात, आणि यादीत मोजताना सापडत नाहीत, मुद्दाम बघावे लागतात.

आणि एक मर्यादा आहे ती कितीही घासलं तरी जात नाही. हा फोटो मापाचा नसतो. स्केचमध्ये पर्स्पेक्टिव्ह थोडं चुकलं असेल, म्हणजे काकांच्या पायऱ्या समोरून बघितल्यासारख्या होत्या आणि भिंत कोपऱ्यातून, तर मॉडेल ते जसंच्या तसं फोटोत आणतं किंवा गुपचूप जुळवून घेतं, आणि दोन्हीत खऱ्या पायरीची उंची कळत नाही. मापावरून काही ठरवायचं असेल, किंवा तेच घर तीन बाजूंनी दाखवायचं असेल तर प्लॅन घेऊन ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये थ्रीडी मॉडेलच करायला पाहिजे, तिथे खिडकी आपण ठेवली तरच येते. एका बाजूने एकदा कसं दिसेल, एवढ्यासाठी वरची रीत ठीक आहे.

काकांना दुसऱ्या वेळी फोटो दाखवला तेव्हा त्यांनी आधी कठड्यावर बोट ठेवून सळ्या मोजल्या, मग उजवी भिंत बघितली. म्हणाले, "तिकडे खिडकी का नाही ते कळलं का तुला? तिकडून दुपारभर ऊन येतं." मी सकाळचं ऊन डावीकडून घातलं होतं, म्हणजे संध्याकाळकडे ते उजवीकडेच जाणार, ते बरोबरच होतं. मग म्हणाले, आता पायऱ्यांचं स्केच परत काढून देतो, त्या माझ्याच चुकल्यात.